गुडघ्याच्या वाटीखालचं टेंगूळ: खेळ किती कमी करायचा आणि हे किती दिवस चालतं

मुलगा १३ वर्षांचा, आठवीत आहे, कोल्हापुरात फुटबॉल खेळतो. दोन-अडीच महिन्यांपासून डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलंय, हात लावला तरी कळवळतो. जिना उतरताना दुखतं, सपाट चालताना नाही. किक तो उजव्या पायाने मारतो, मग दुखतो डावा गुडघा, हे कसं? वर्षभरात उंची ९ सेंटिमीटर वाढली. आठवड्यात चार दिवस क्लबचा दीड-दीड तास सराव, रविवारी मॅच, शाळेत पीटीचे दोन तास आणि संध्याकाळी गल्लीत खेळणं असतंच. तीन आठवडे घरी बसवलं, बरं वाटलं. मैदानात गेला आणि पहिल्याच दिवशी लंगडत परत आला. एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये हाडाचे तुकडे दिसतात असं लिहिलंय. प्लास्टर घालावं लागेल का? खेळ बंद करायचा का, आणि किती दिवस?

---

प्लास्टर नको आणि खेळ कायमचा बंद करायचीही गरज नाही. मात्र पुढचे तीन-चार महिने तो आत्ता खेळतोय तसा खेळू शकणार नाही, आणि दुखणं अधूनमधून डोकं वर काढत एक ते दोन वर्षं रेंगाळू शकतं. हे आधीच मान्य केलंत तर पुढचे निर्णय सोपे जातील.

तुम्ही सांगितलेलं चित्र ऑस्गूड-श्लाटरच्या दुखण्याचं आहे. बॉस्टनचे रॉबर्ट ऑस्गूड आणि झुरिचचे कार्ल श्लाटर या दोघांनी १९०३ मध्ये वेगवेगळं त्याचं वर्णन केलं, म्हणून हे जोडनाव. मुलग्यांमध्ये ते साधारण १२ ते १५ या वयात दिसतं, मुलींमध्ये एक-दोन वर्षं आधी. म्हणजे उंची झपाट्याने वाढते नेमक्या त्याच काळात.

घडतं काय ते समजून घ्या, कारण खेळात काय कमी करायचं ते यावरूनच ठरतं. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू खाली गुडघ्याच्या वाटीला धरतो. वाटीपासून एक जाड पट्टा निघतो आणि नडगीच्या हाडावर वरच्या बाजूला जो उंचवटा असतो, त्यावर रुजतो. मोठ्या माणसात हा उंचवटा पक्क्या हाडाचा असतो. तेरा वर्षांच्या मुलात तिथे अजून वाढीची कूर्चा असते, ती हाडापेक्षा बरीच मऊ. त्यात हाडं भराभर लांब होत असतात आणि स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत, म्हणून तो पट्टा आधीच ताणलेला असतो. पळताना, उडी मारून खाली येताना, धावता धावता एकदम थांबताना मांडीचा स्नायू जोरात आवळतो आणि प्रत्येक वेळी त्या मऊ जागेला हिसका बसतो. एका हिसक्याने काही होत नाही. आठवड्याला असे हजारो बसले आणि मध्ये भरून यायला वेळ मिळाला नाही, की ती जागा सुजते, दुखते आणि हळूहळू नवीन हाड धरून वर येते. तेच तुम्हाला दिसणारं टेंगूळ.

डाव्या गुडघ्याचं कोडंही यातच सुटतं. उजव्या पायाने जोरात शॉट मारताना डावा पाय चेंडूशेजारी रोवला जातो. धावत आलेल्या सगळ्या शरीराचा वेग त्या एका वाकलेल्या गुडघ्यावर थोपवला जातो आणि ते काम मांडीचा पुढचा स्नायू करतो. त्यामुळे रोवलेल्या पायाचा गुडघा दुखणं फुटबॉलमध्ये नवल नाही. काही मुलांचे दोन्ही गुडघे दुखतात, तेही याच दुखण्यात बसतं.

आता रिपोर्टमधल्या तुकड्यांविषयी. या वयात तो उंचवटा एकसंध हाड म्हणून तयार होतच नाही. कूर्चेत हाडाची छोटी-छोटी बेटं उमटतात आणि पुढे ती एकमेकांना जुळतात. ज्याचा गुडघा अजिबात दुखत नाही अशा मुलाच्या एक्स-रेतही अशी बेटं दिसू शकतात. म्हणून ते वाक्य वाचून हाड मोडलं असं समजू नका. या दुखण्याचं निदान मुळात बोटाने होतं: वाटीच्या खालच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली नेमका तो उंचवटा दाबल्यावर दुखतो, आणि पाय सरळ करताना समोरून कुणी रोखून धरला तर तिथेच कळ येते. सांधा स्वतः सुजलेला नसतो.

काही गोष्टी मात्र या चित्रात बसत नाहीत, आणि त्या असतील तर थांबू नका. उडी मारताना किंवा शॉट मारताना अचानक 'कट्' असा आवाज होऊन पाय टेकता येईना, गुडघा स्वतःहून सरळ करता येईना, तर तो उंचवटाच उपटून निघालेला असू शकतो. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या. झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, विश्रांतीतही वाढत जाणारं टेंगूळ किंवा सगळा गुडघा फुगणं, यातलं काहीही दिसलं तर तपासणी लगेच हवी. आणखी एक फसवी गोष्ट आहे. मूल गुडघा दुखतो म्हणतं, पण गुडघ्यावर कुठेच दाबून दुखत नाही, आणि पाठीवर झोपवून पाय आत वळवला की खुब्यात अडतं. तिथे दोष खुब्याचा असू शकतो, गुडघ्याचा नव्हे. या वयात खुब्याच्या हाडाचा गोळा सरकण्याचा विकार होतो आणि त्यात उशीर करून चालत नाही. तुमच्या मुलाचं दुखणं टेंगळावरच नेमकं आहे, त्यामुळे ती शंका कमी आहे, तरी तपासणाऱ्यांना खुबा एकदा वळवून बघायला सांगा. मिनिटभराचं काम आहे.

आता तुमच्या मुलाचा आठवडा कागदावर मांडा. क्लबचा सराव सहा तास, पीटी दीडेक तास, मॅच एक तास, आणि गल्लीतलं खेळणं रोज तासभर धरलं तर आणखी पाच-सहा तास. बेरीज चौदा तासांच्या आसपास जाते आणि विश्रांतीचा एकही दिवस उरत नाही. तीन आठवडे यातलं काहीच केलं नाही, तेव्हा सूज उतरली हे खरं. पण त्याच तीन आठवड्यांत मांडीचा स्नायू अशक्त झाला आणि कूर्चेची ताण सोसायची सवय मोडली. मग एका दिवसात शून्यावरून पूर्ण सरावाकडे उडी मारली, म्हणून तो लंगडत आला. घरी बसवणं हा उपचार अर्धाच होता. उरलेला अर्धा म्हणजे ताण हळूहळू आणि मोजून परत चढवणं, आणि बहुतेक घरांत गाडी तिथेच अडते.

मोजायचं कसं, तर दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्यायला मुलाला शिकवा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन न होणारं. खेळताना दोन-तीनपर्यंत दुखलं तर चालतं. चार-पाचवर गेलं तर त्या दिवशी तिथेच थांबायचं, पाचच्या वर गेलं तर दोन दिवस पळणं बंद. पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठल्यावर त्याला घरातल्या जिन्याच्या आठ-दहा पायऱ्या उतरायला लावा, जिना नसेल तर खुर्चीवर हळूहळू बसून पुन्हा उठायला लावा. कालच्या सकाळइतकंच दुखत असेल तर कालचा खेळ गुडघ्याला झेपला. जास्त दुखत असेल तर तो खेळ जास्त झाला, मग मैदानावर त्याला कितीही बरं वाटलेलं असो. मैदानावर अंग तापलेलं असतं, मुलांना त्या वेळी दुखणं कळत नाही, आणि कळलं तरी संघाबाहेर बसावं लागेल म्हणून ती सांगत नाहीत. जिना मात्र खरं सांगतो. सकाळी जिन्यावर किती दुखलं तो आकडा रोज कॅलेंडरवर लिहून ठेवा. लंगडणं दिसलं तर आकडा विचारायचाही नाही, खेळ थांबवायचा.

पहिले चार आठवडे पळणं, उड्या आणि शॉट बंद. गल्लीतलं खेळणंही यात आलं. घरातून सगळ्यात जास्त तेच निसटतं, कारण त्याला कुणी सराव म्हणत नाही. सायकल चालेल, सीट थोडी उंच करून आणि चढ टाळून, म्हणजे गुडघा फार वाकत नाही. पोहणंही चालेल, बेडकासारखे पाय मारताना दुखत असेल तर तो प्रकार सोडून. क्लबला मात्र त्याने जात राहावं. उभ्याने जवळचे पास, चेंडू थांबवणं, पोटाचे आणि वरच्या अंगाचे व्यायाम तिथे करता येतात, आणि संघापासून तुटल्यासारखं वाटत नाही.

याच चार आठवड्यांत मांडीला ताकद द्यायला सुरुवात होते. पाय लांब करून जमिनीवर बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबत मांडी घट्ट करायची. ३० सेकंद धरायचं, तेवढीच विश्रांती, असं दहा वेळा, रोज एकदा. सांधा हलत नाही, तरी स्नायू काम करतो, त्यामुळे दुखऱ्या जागेला हिसका बसत नाही. जोडीला उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची, दहा-दहाचे तीन डाव. यातलं काहीही करताना दुखणं तीनच्या वर गेलं तर जोर कमी करायचा. ते बंद करू नका.

ताणायचा व्यायाम, म्हणजे उभ्याने टाच मागे नितंबाकडे ओढणं, बहुतेक जण पहिल्याच दिवसापासून जोरात करायला सांगतात. तिथे माझं मत वेगळं आहे. टेंगूळ धगधगत असताना टाच ओढली की तोच पट्टा त्याच जागेवर ओढला जातो. सकाळच्या जिन्याचा आकडा दोनपर्यंत उतरल्यावर तो सुरू करा: ३० सेकंद, तीन वेळा, टेंगळावर ओढ जाणवेपर्यंत नाही, मांडीत जाणवेल इतकंच. मांडीची मागची बाजू आणि पोटरी मात्र पहिल्या दिवसापासून ताणायला हरकत नाही. या वयात त्याही आखडलेल्या असतात आणि त्याने मांडीच्या पुढच्या स्नायूचं काम वाढतं.

पाचव्या आठवड्यापासून पायांवर शरीराचा भार घेऊन व्यायाम, एक दिवसाआड. भिंतीला पाठ टेकून थोडं खाली घसरायचं आणि वर यायचं, दहा-दहाचे तीन डाव. आधी गुडघा थोडाच वाकवायचा, आठवड्या-आठवड्याने जास्त. ते सोपं वाटू लागलं की एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवण्याचा व्यायाम. याच सुमारास मैदानावर परतायच्या पायऱ्यांची शिडी सुरू होते आणि तिचा क्रम बदलू नका. आधी सरळ रेषेत हळू पळणं, पाच मिनिटांपासून पंधरापर्यंत. मग पळत-पळत जवळचे पास. मग वळणं आणि थांबणं. मग वेगाने धावणं आणि लांबचे शॉट. मग उड्या आणि हेडर. मग पूर्ण सराव, आणि सगळ्यात शेवटी मॅच, तीही आधी वीस मिनिटांची. प्रत्येक पायरीवर किमान दोन वेळा खेळून पाहायचं, मध्ये एक दिवस सोडून. दोन्ही वेळा सकाळचा जिना गप्प राहिला तर पुढची पायरी. नाही राहिला तर एक पायरी मागे. सात पायऱ्या, प्रत्येकीला सुमारे आठवडा आणि एखाद-दोन वेळा मागे येणं धरा. म्हणजे पाचव्या आठवड्याला सुरू केलं तर पूर्ण मॅच लवकरात लवकर तिसऱ्या महिन्याच्या शेवटी किंवा चौथ्यात येते. त्याआधीच्या स्पर्धेसाठी कुणाला शब्द देऊ नका.

हे आकडे हवेतले नाहीत. डेन्मार्कमध्ये १० ते १४ वयाच्या ५१ मुलांवर अशाच पद्धतीचा अभ्यास झाला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी १०० पैकी ८० मुलांना लक्षणीय बरं वाटत होतं, पण खेळात परतलेली मुलं तेव्हा १०० पैकी फक्त १६ होती. वर्षाअखेर परतलेल्यांचं प्रमाण १०० पैकी ६९ झालं. बरं वाटणं आणि खेळायला तयार असणं यात किती महिन्यांचं अंतर असू शकतं, ते यात दिसतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत नेमकं तेच अंतर एका दिवसात ओलांडायचा प्रयत्न झाला.

प्रशिक्षकांशी स्वतः जाऊन बोला, मुलाच्या हाती निरोप पाठवू नका. बेडूकउड्या, उठाबशा, बैठका आणि गुडघ्यावर रांगत करायचे प्रकार पूर्ण वगळायला सांगा, शिक्षा म्हणूनही नकोत. एका बेडूकउडीत गुडघा पूर्ण वाकतो आणि लगेच स्फोटासारखा सरळ होतो. या दुखण्यात त्याहून वाईट व्यायाम शोधून सापडणार नाही. शाळेतही वज्रासन आणि गुडघे टेकून बसणं टाळावं, कारण तिथे शरीराचा भार थेट टेंगळावर येतो. मांडी घालून बसणं दुखत नसेल तर चालेल. कोरड्या दिवसांत मैदान दगडासारखं असतं, त्यावर लांब कडक स्टडचे बूट घालू नयेत. आखूड रबरी स्टड असलेले घ्या.

सरावानंतर बर्फ लावायला हरकत नाही, पातळ कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं. त्याने कळ उतरते, दुखणं लवकर बरं होतं असं नाही. वाटीच्या खाली बांधायच्या पट्ट्याने काही मुलांना आराम पडतो, काहींना नाही. दोन सरावांत वापरून बघा, फरक नसेल तर सोडून द्या. वेदनाशामक गोळी एखाद्या वाईट रात्री डॉक्टरांच्या सल्ल्याने ठीक आहे. पण मॅचच्या आधी गोळी देऊन खेळवणं म्हणजे आपण इतक्या मेहनतीने वाचत असलेला आकडाच पुसून टाकणं. टेंगळावर जोरात तेल रगडणं, कुणाकडून ते 'बसवून' घेणं, हे नको. ते सरकलेलं हाड नाही, त्याला जागेवर बसवण्यासारखं काही नाही, आणि रगडण्याने सूज वाढते. तिथे स्टिरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर नाही म्हणा, कारण त्याने पट्टा आणि वरची कातडी कमजोर होऊ शकते. कॅल्शियमच्या गोळ्यांनी हे दुखणं हटत नाही, कारण ते कॅल्शियमच्या कमतरतेमुळे झालेलंच नाही.

आणि किती दिवस? आत्ताची ही उसळी नीट सांभाळली तर सहा ते बारा आठवड्यांत शमते. दुखण्याचा एकूण मुक्काम मात्र वाढ ठरवते. कूर्चेचं पक्कं हाड होऊन उंचवटा नडगीला एकजीव झाला की हिसका बसायला मऊ जागाच उरत नाही. मुलग्यांमध्ये हे साधारण पंधरा ते सतराच्या दरम्यान होतं. तोवर दिवाळी-मे महिन्याच्या सुट्टीनंतर सराव एकदम सुरू झाला, किंवा स्पर्धेत लागोपाठ मॅच आल्या, की दुखणं परत येऊ शकतं. तेव्हा सगळं पहिल्यापासून करायची गरज नसते. शिडीवर दोन पायऱ्या खाली या, आठवडाभर थांबा, पुन्हा चढा. पुढच्या वेळी हे त्याचं त्यालाच कळेल.

एक साधं काम आजच करा. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने त्याच्या उंचीची खूण करा, शेजारी तारीख लिहा आणि दर तीन महिन्यांनी नवी खूण करा. टाचा चौकटीला टेकलेल्या, बूट काढलेले, डोक्यावर वही आडवी धरून. दोन खुणांमध्ये दोन सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त अंतर पडत असेल तर वाढीचा वेग अजून जोरात आहे, त्या तिमाहीत सरावाचे तास वाढवू नका. पुढे खुणा एकमेकींच्या जवळ येऊ लागतील. वर्षभरात दोन-तीन सेंटिमीटरच फरक पडू लागला की या दुखण्याचा शेवट जवळ आला असं धरायला हरकत नाही.

टेंगूळ मात्र जाणार नाही. दुखणं गेल्यावरही तो कठीण उंचवटा बहुधा कायम राहतो, आणि गुडघे टेकून बसताना काहींना तो टोचतो. त्याने खेळायला अडचण येत नाही. दहातल्या एखाद्या मुलाला मोठेपणीही त्रास उरतो, बहुतेकदा हाडाचं एखादं बेट न जुळता पट्ट्यात सुटं राहिल्यामुळे. वाढ पूर्ण झाल्यावरही ते खुपत राहिलं तर छोट्या शस्त्रक्रियेने काढता येतं. वाढ चालू असताना त्या कूर्चेला हत्यार लावायचं नसतं, त्यामुळे आत्ता कुणी शस्त्रक्रिया सुचवली तर दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. चार महिने वर सांगितल्याप्रमाणे सगळं करूनही सकाळच्या जिन्याचा आकडा खाली येत नसेल, तर कॅलेंडरची ती पानं घेऊन पुन्हा तपासणीला जा. नुसतं 'दुखतं' म्हणण्यापेक्षा त्या पानांवरून डॉक्टरांना कितीतरी जास्त कळतं.